डावीकडे काय झाले, उजवीकडे का झाले

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून दोन रकान्यांत टिपणे कशी काढायची ते पाहू. त्यासाठी एकच वाक्य घेऊ. पहिल्या महायुद्धाच्या प्रकरणात अशा धाटणीचे वाक्य हमखास भेटते: ‘२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली, या ठिणगीने युद्धाचा भडका उडाला आणि मैत्रीच्या करारांमुळे सारी राष्ट्रे त्यात ओढली गेली.’

ऐकायला सरळ वाटते. पण या एका वाक्यात एक घटना आहे आणि कारणांबद्दलचे दोन दावे आहेत. वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले की तिन्हींना सारखेच वजन येते, आणि महिन्याभराने वही उघडल्यावर यातले नक्की घडलेले काय आणि लेखकाने लावलेला अर्थ कोणता, हे सांगता येत नाही.

वही समोर असेल तर पानावर एक उभी रेघ मारा. डावा रकाना थोडा रुंद ठेवा, साधारण पानाच्या तीन पंचमांश. तिथे फक्त घटना लिहायच्या: केव्हा, कुठे, कोणी, काय केले. प्रत्येक घटनेला क्रमांक द्या आणि दोन घटनांमध्ये दोन ओळी मोकळ्या सोडा, कारण मधली घटना नंतर सापडते. उजव्या रकान्यात कारणे आणि प्रश्न दोन्ही येतात, पण सरमिसळ नको. कारणाच्या आधी ‘का’ लिहायचे, प्रश्नाच्या आधी प्रश्नचिन्ह. तिसरा रकाना का नाही, असे कोणी विचारेल. प्रश्न बहुधा कारणातूनच फुटतो, म्हणून तो कारणाच्या खालीच असलेला बरा.

लिहायला लागण्यापूर्वी प्रकरणातला एक भाग, म्हणजे दोनेक पाने, पेन खाली ठेवून वाचा. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने जोडशब्दांभोवती गोल करा: त्यामुळे, म्हणून, परिणामी, भाग पडले, ओढली गेली, ठिणगी, अपरिहार्य. जिथे गोल पडला तिथे लेखक घटना सांगायचे थांबवून कारण सांगू लागलेला असतो. ‘ठिणगी’सारख्या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. ती उपमा दिसते, पण तिच्यात ‘दारूगोळा आधीच साठलेला होता’ हा अख्खा दावा दडलेला आहे.

आता आपले वाक्य उतरवू. डावीकडे पहिली घटना: २८ जून १९१४, साराजेव्हो, गॅव्ह्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. एवढेच. ‘भडका’ डावीकडे येत नाही. मग युद्ध केव्हा पुकारले गेले, ही तारीख त्याच पानांत शोधा: २८ जुलै, ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध. म्हणजे हत्या आणि युद्ध यांत बरोबर एक महिना आहे. ठिणगी पडल्यावर भडका उडायला महिना लागला, हे मूळ वाक्य वाचताना लक्षातही येत नाही. तारखा एकाखाली एक आल्या की ते डोळ्यांत भरते.

मोकळ्या सोडलेल्या ओळी इथे कामी येतात. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला आणि उत्तराला ४८ तास दिले. पुढे ३० जुलैला रशियाने संपूर्ण सैन्याची जमवाजमव करण्याचा हुकूम काढला, १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध आणि ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरले. डावा रकाना एवढ्यावर पुरतो.

उजवीकडे पहिले ‘का’ असे लिहा: हत्येमुळे ऑस्ट्रियाला सर्बियावर कारवाईचे निमित्त मिळाले, घटना १ ते ३. दुसरे ‘का’: करारांमुळे राष्ट्रे ओढली गेली, घटना ४ पासून पुढे. प्रत्येक कारणाजवळ ते कोणत्या घटनांना जोडते ते क्रमांक हवेतच. ज्या कारणाला क्रमांक देता येत नाही ते बहुधा नुसता शिक्का असतो. ‘साम्राज्यवाद’, ‘राष्ट्रवाद’ हे शब्द एकेकटे उजवीकडे लोंबकळत राहतात ते यामुळेच. ते पुसू नका, पण त्यांनी कोणाला कोणती कृती करायला लावली हे लिहिता येईपर्यंत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह असू द्या.

मग प्रत्येक कारण डाव्या रकान्यावर घासून पाहा. करारांचा दावा घ्या. १८८२ च्या त्रिराष्ट्र करारात जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली होते. करारांनीच सगळे ओढले असते, तर इटली १९१४ मध्ये त्यांच्या बाजूने उतरायला हवी होती. ती तटस्थ राहिली आणि मे १९१५ मध्ये थेट विरुद्ध बाजूने युद्धात आली. करार बचावापुरता होता आणि हल्ला ऑस्ट्रियाने केला, अशी तिची भूमिका होती. ब्रिटनचा फ्रान्सशी समझोता होता, पण युद्धात उतरलेच पाहिजे असे बंधन त्यात नव्हते. ब्रिटनने जाहीर कारण दिले ते बेल्जियमच्या तटस्थतेचे. म्हणजे कारण खोटे ठरत नाही, त्याला मर्यादा पडते. त्याच ओळीत जोडा: ‘इटलीला लागू नाही, ब्रिटनला अर्धवट.’

आता खरा उघडा प्रश्न तयार होतो. ‘युद्ध का झाले?’ हा प्रश्न लिहू नका. तो अख्ख्या प्रकरणाचे नाव आहे. ‘इटली थांबू शकली, तर जुलैमध्ये आणखी कोणाला थांबता आले असते, आणि कोणत्या तारखेपर्यंत?’ हा प्रश्न उपयोगाचा, कारण त्याला तारखा आणि माणसे आहेत आणि त्यावर इतिहासकारांतही मतभेद आहेत. ‘खलित्यात काय मागण्या होत्या?’ हा मात्र उघडा प्रश्न नव्हे. ती शोधून मिळणारी माहिती आहे. अशा प्रश्नापुढे ‘शोध’ असे लिहा आणि उत्तर मिळाले की ते डावीकडे हलवा.

एका जागी जवळजवळ सगळे अडखळतात. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील कलम २३१ ने युद्धातील नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. हे डावीकडे की उजवीकडे? तहात असे लिहिले गेले, ही घटना आहे, ती डावीकडे. जर्मनी खरोखरच जबाबदार होती का, हा दावा आहे, तो उजवीकडे प्रश्नचिन्हासह. कोणीतरी काही म्हटले, ही घटना असते; त्याचे म्हणणे खरे असेलच असे नाही. ‘सरकारने जाहीर केले की’ अशा प्रत्येक वाक्याला हीच कात्री लावा.

दोन पानांच्या मजकुरातून डावीकडे आठ-दहा घटना, उजवीकडे तीन-चार कारणे आणि एक-दोन उघडे प्रश्न निघाले, तर काम ठीक चालले आहे. डावीकडे वीस ओळी झाल्या तर तुम्ही पुस्तक उतरवत आहात. उजवा रकाना कोरा राहिला तर जोडशब्दांना गोल करायचे राहून गेले. आणि एकही प्रश्नचिन्ह नसेल, तर बहुधा कारणे डाव्या रकान्यावर घासून पाहिलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी डावा रकाना कागदाने झाका आणि उजवीकडच्या प्रत्येक ‘का’वरून त्याच्या घटना तारखांसह सांगून पाहा. जिथे कारण आठवते पण घटना आठवत नाही, तिथे पुस्तकाचे तेच पान पुन्हा उघडा.