सुकटाचा वास आणि गेटाचं कुलूप

नमस्कार मंडळी, राम राम, कसं काय शे, बठ्ठा बरं शे ना?

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला पोरं शिकवली, आता रिटायर आहे. आजचा विषय आहे होस्टेल आणि पीजीच्या खोल्यांमधली आग. चोपडा, रावेर, शहादा, साक्री कुठून कुठून पोरंपोरी जळगाव-धुळ्याला शिकायला येतात, एका खोलीत तीन कॉट, एक कूलर, चार मोबाईल, दोन लॅपटॉप आणि भिंतीत प्लग एकच. पण माझ्या भाचीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही, तर आधी तीच सांगतो, वेळ गेला तर गेला.

भाची जळगावला पीजीत होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, सहा मुली. खाली घरमालक काका-काकू. नियम दोन. खोलीत स्वयंपाक करायचा नाही आणि रात्री दहाला खालच्या चॅनल गेटला कुलूप. आता मेसचं जेवण तुम्हाला माहितीच आहे, भाजीत पाणी आणि पाण्यात भाजी, खान्देशातल्या पोरीला कळण्याची भाकर नाही, ठेचा नाही, ती करणार काय? त्यांनी वर्गणी काढून इंडक्शन घेतलं, दोन हजार वॅटचं. काकू कधीही वर यायच्या म्हणून ते कॉटखाली लपवायचं आणि रात्री साडेबाराला बाहेर काढून खिचडी टाकायची.

त्या इंडक्शनचा प्लग जाड पिनचा, सोळा अँपिअरचा. खोलीत सॉकेट बारीक पिनचं, सहा अँपिअरचं. मग पोरींनी काय केलं, बाजारातून तो छोटा कन्व्हर्टर आणला, ज्याच्या एका बाजूला जाड पिन बसते आणि दुसऱ्या बाजूला बारीक पिना असतात. तो लावला एक्स्टेन्शन बोर्डाला आणि बोर्ड सरकवला कॉटखाली, गादीची चादर त्याच्यावर लोंबतेय.

एप्रिल महिना, परीक्षा जवळ. एक दिवस भाचीचा फोन आला, म्हणे मामा, खोलीत दोन-तीन दिवसांपासून सुकटासारखा वास येतोय, आम्ही सगळ्या शाकाहारी, मग हा वास कुठून? मी हसलो. म्हटलं बघ, तुमच्यातली एखादी चोरून बोंबील खात असेल. मंडळी, तीस वर्षं वायरमन शिकवलेला माणूस मी, आणि हसलो. कारण तो वास कशाचा असतो हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. सॉकेटचं, प्लगचं प्लास्टिक आतून तापायला लागलं की बऱ्याचदा आधी जळका वास येतच नाही, मासळीसारखा, सुकटासारखा वास येतो. पोरींनी रूम फ्रेशनर मारला, उदबत्ती लावली, विषय संपला.

त्या रात्री एक वाजता खिचडी झाली. इंडक्शन काढलं आणि त्याच भोकात कूलरचा प्लग घातला, झोपल्या. पावणेदोनच्या सुमारास एकीला ठसका लागला म्हणून जाग आली तर खोलीत धूर, आणि कॉटखाली गादीची कड लाल होऊन धुमसतेय. एक पोरगी कूलरमधलं पाणी बादलीत घेऊन निघाली, भाचीने तिचा हात धरला, म्हणाली मेन बंद नाही, पाणी टाकू नको. एवढं तरी मामाचं ऐकलेलं होतं. मेन स्विच कुठे? खाली जिन्याखाली, मीटरच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप.

सगळ्या बाहेर पळाल्या. भाचीने सगळ्यात शेवटी बाहेर येऊन खोलीचं दार ओढून घेतलं. हे दार लक्षात ठेवा, मी परत बोलणार आहे. खाली उतरल्या तर चॅनल गेटला हे एवढं कुलूप. दार बडवलं, काका, काकू, कोणी ओ देईना. फोन लावला तर काकूंनी उचलला, मागे हळदीचा डीजे. ही डीजेची तर मला भारी चीड, हळदीत पूर्वी बायका गाणी म्हणायच्या, आता कान फुटतात, असो. काका-काकू अमळनेरला नातेवाइकाच्या हळदीला गेलेले. काकू म्हणाल्या, माय वं, चावी त्यासनाजोडे शे. म्हणजे काकांच्या खिशात, अमळनेरला.

वर गच्चीचं दार? त्यालाही कुलूप, का तर मुली गच्चीवर बसून फोनवर बोलतात.

धूर जिन्यात यायला लागला होता. एकीने फायर ब्रिगेडला १०१ लावला, पत्ता सांगितला, आणि गाडी निघालीसुद्धा. पण वाचवलं समोरच्या ड्रायव्हरने. केळीची गाडी दिल्लीला रिकामी करून तो नेमका त्या वेळी घरी आलेला, लुंगीवर. पोरी गजाआडून ओरडतायत हे बघून तो ट्रककडे पळाला, टॉमी घेऊन आला, ती टायर काढायची लोखंडी, कुलुपाच्या कडीत घातली आणि दोन झटक्यात कडी उपटली. पोरी बाहेर. पुढच्या चार-पाच मिनिटांत गाडी आली, त्यांनी पहिलं काय केलं तर सप्लाय तोडला, मग वर गेले. एक गादी, एक कॉट, पुस्तकं आणि काळं झालेलं छत, एवढ्यावर भागलं. कारण दार बंद होतं. दार उघडं राहिलं असतं तर फोमच्या गादीचा तो काळा धूर जिन्यात भरला असता, जिना म्हणजे चिमणीच असते, आणि सहाही जणी त्याच जिन्यात बंद गेटापाशी उभ्या होत्या. साधं लाकडी दार पण काही मिनिटं धूर अडवतं. बाहेर पडताना दार ओढून घ्या. परत सांगतो, दार ओढून घ्या.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तो बोर्ड हातात घेतला. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी काळीनिळी पडलेली, तिची पकड गेलेली, प्लग घातला की सैल हलायचा. आता सगळे विचारतात, मग एमसीबी का पडला नाही? हिशोब साधा आहे. दोन हजार वॅटला दोनशे तीस व्होल्टने भागा, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास येतं. एमसीबी होता सोळाचा. त्याच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित चाललेलं. एमसीबी करंट मोजतो, कॉटखालचं सॉकेट किती तापलं हे त्याला कळत नाही. पण सॉकेट सहा अँपिअरचं, त्यातून जवळपास दीडपट करंट, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते म्हणजे दुपटीहून जास्त. रोज तापायचं, रोज निवायचं, पट्टी सैल पडली, सैल पडली की अजून तापायचं. मग त्या रात्री कूलर, तो बिचारा एक अँपिअरसुद्धा घेत नाही, पण सैल जागी तेवढ्यानेही ठिणगी पडत राहते आणि वर चादर लोंबतेय. जुन्या घरात एमसीबीऐवजी किटकॅट असतात, त्यात फ्यूज उडू नये म्हणून कोणीतरी जाड तार बांधलेली असते, तिथे तर बोलायलाच नको.

म्हणून जाड पिनेचा प्लग बारीक भोकात घालायचा नाही, कन्व्हर्टर लावून तर मुळीच नाही. इंडक्शन, गिझर रॉड, इस्त्री, किटली, हे भिंतीतल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटलाच, आणि त्या सॉकेटला आतून अडीच किंवा चार स्क्वेअर एमएमची वायर आलेली पाहिजे. नुसतं सॉकेट मोठं बसवून मागे लाईटची दीडची वायर ठेवणारे महाभाग पण मी बघितलेत. वापर झाल्यावर प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल, पिना काळ्या पडल्या असतील किंवा सुकटाचा वास असेल तर ते सॉकेट त्याच दिवशी बंद. उदबत्ती लावू नका.

मोबाईलचं थोडक्यात सांगतो, वेळ संपत आलाय. उशीखाली, गादीवर ठेवून चार्जिंग नाही, खाली फरशीवर ठेवा. पाठ फुगलेला मोबाईल किंवा फुगलेली पॉवर बँक परत चार्ज करायची नाही, कितीही महाग असली तरी. आणि खोलीत तो पाच किलोचा सिलेंडर कुठून तरी भरून आणता ना, त्याचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खिडकीतून जात नाही, कॉटखाली साचतो. वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू करायचं नाही की बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करा, दार-खिडकी उघडा आणि बाहेर निघा.

आता घरमालकांना. स्वयंपाकाला बंदी घालून स्वयंपाक थांबत नाही हो, तो कॉटखाली जातो. त्यापेक्षा पॅसेजमध्ये एक कडप्प्याचा ओटा करा, एक सोळाचं सॉकेट, वेगळी वायर, आणि सांगा की काय करायचं ते इथे करा. विजेचे पैसे वेगळे घ्या, पोरी देतात.

आणि गेट. सुरत आपल्याला परकं नाही, अर्धा खान्देश उधन्याला राहतो. २४ मे २०१९ ला तिथे कोचिंग क्लासला आग लागली, २२ विद्यार्थी गेले, जीव वाचवायला पोरांनी वरून उड्या मारल्या. दिल्लीला उपहार थिएटरात १९९७ ला ५९ माणसं गेली, तिथेही बाहेर पडायच्या दारांचा घोळ होता. चोराची भीती मला कळते. पण कुलूप बाहेरच्या माणसासाठी असतं. आतून किल्लीशिवाय उघडणारं नाइट लॅच बसवा. तेवढं जमत नसेल तर एक किल्ली गेटच्या आतल्या बाजूला, बाहेरून हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर, खिळ्याला टांगा. अंधारात हाताला लागेल अशी. गच्चीच्या दाराला कुलपाऐवजी आतून कडी ठेवा.

त्या काकांनी शेवटी खिळा ठोकला, किल्ली टांगली. चौथ्याच दिवशी मला त्यांचा फोन, म्हणे मास्तर, रात्री साडेअकराला दोन पोरी किल्ली काढून कोपऱ्यावर कुल्फी खायला गेल्या, आता काय करू? मी विचारलं, परत आल्यावर किल्ली खिळ्याला लावली का? म्हणे हो, लावली. मग म्हटलं, पुढच्या वेळी तुमच्यासाठी पण एक आणायला सांगा.