एका पिक्सेलचे चार

[पडद्यावर: काळ्या पार्श्वभूमीच्या मधोमध एक लहानसं चित्र. बंदर, रात्र, एका माणसाची चिमुकली आकृती, खाली इंग्रजी अक्षरांची ओळ.]

हे चित्र ३२० पिक्सेल रुंद आणि २०० पिक्सेल उंच आहे. १९९० च्या आसपास आयबीएम पीसीवर साहस-खेळांचा अख्खा पडदा एवढाच असे. एका वेळी दिसणारे रंग जास्तीत जास्त २५६. त्या काळच्या मॉनिटरवर हे चित्र काठोकाठ भरायचं. आजच्या पडद्यावर ते टपाल तिकिटासारखं दिसतं, म्हणून मोठं करावं लागतं. मग प्रश्न येतो, की नव्याने लागणाऱ्या पिक्सेलांना रंग कुठून आणायचा?

निअरेस्ट नेबर ही पद्धत फार डोकं चालवत नाही. प्रत्येक नवा पिक्सेल जवळच्या जुन्या पिक्सेलचा रंग घेतो, बस्स. दुप्पट करायचं असेल तर एका चौकोनाचे त्याच रंगाचे चार चौकोन होतात. चित्रात काही नवं येत नाही आणि काही जातही नाही. पुन्हा अर्धं केलंत तर मूळ चित्र जसंच्या तसं हातात येतं. मात्र तिरप्या रेषांच्या पायऱ्या आता मोठ्या आणि ठसठशीत दिसतात.

[पडद्यावर: जहाजाचा तिरपा दोर. झूम करत पायऱ्या दिसू लागतात.]

या पायऱ्या १९९२ च्या सुमारास ल्युकासआर्ट्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीतल्या एरिक जॉन्स्टन यांना खटकल्या. पीसीवरचे खेळ रंगीत मॅकिन्टॉशवर आणायचं काम चाललं होतं आणि मॅकच्या पडद्यावर आडवे आणि उभे दोन्हीकडे पिक्सेल साधारण दुप्पट होते. त्यांनी काढलेला तोडगा पुढे ईपीएक्स म्हणून ओळखला गेला. २००१ मध्ये आंद्रेआ माझोलेनी यांचा स्केल२एक्स आला. त्याचा नियम वेगळ्या शब्दांत मांडलेला आहे, पण उत्तर तेच देतो.

[पडद्यावर: आलेख कागद. मधल्या चौकोनाभोवती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक चौकोन.]

नियम कागदावर करून बघण्याइतका सोपा आहे. मधल्या पिक्सेलचे चार तुकडे करा. वरचा आणि डावा शेजारी एकाच रंगाचे असतील, तर वरच्या डाव्या तुकड्याला त्यांचा रंग द्या. वरचा आणि उजवा सारखे असतील, तर वरच्या उजव्या तुकड्याला. खालच्या दोन तुकड्यांचंही तसंच. पण चारांपैकी तीन किंवा चारही शेजारी एकाच रंगाचे असतील, तर काहीही बदलायचं नाही.

ही शेवटची अट मला सगळ्यात हुशार वाटते. डोळ्यातली चमक म्हणून चित्रकाराने एकच पांढरा ठिपका ठेवलेला असतो. त्याच्या चारही बाजूंना एकच रंग असला, की नियम त्याला हात लावत नाही. ही अट नसती, तर ठिपक्याचे चारही तुकडे शेजाऱ्यांच्या रंगाचे झाले असते आणि डोळा विझला असता. दुसरी गोष्ट अशी, की हा नियम नवा रंग तयारच करत नाही, असलेलेच रंग वापरतो. २५६ रंगांच्या मर्यादेत काम करणाऱ्या खेळासाठी ते आवश्यकच होतं.

दोरावर हा नियम छान चालतो. प्रत्येक पायरीचा टोकदार कोपरा कापला जातो आणि आतला खळगा भरला जातो.

[पडद्यावर: दोरावरून कॅमेरा खाली, अक्षरांच्या ओळीवर.]

पण काटकोन आला की हाच नियम फसतो. खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला पिक्सेल घ्या. त्याच्या वर भिंत आहे आणि डावीकडेही भिंतच. दोघे सारखे, म्हणून कोपऱ्याचा तो तुकडा भिंतीच्या रंगाचा होतो. नियमाला वाटलं ही पायरी आहे. प्रत्यक्षात सुताराने काटकोनात बसवलेली चौकट होती. अक्षरांचंही तेच होतं. L चा कोपरा गोलावतो. लहान ठशात D आणि O यांत फरक मुळात डावीकडच्या दोन कोपऱ्यांचाच असतो, तोही पुसट होतो. चित्र मोठं करणाऱ्या अशा नियमाला स्केलर म्हणतात. हा स्केलर वापरला गेलाय का हे ओळखायचं असेल, तर चेहरे बघू नका, अक्षरांचे आणि खिडक्यांचे कोपरे बघा.

२००३ मध्ये मॅक्सिम स्टेपिन यांनी एचक्यूएक्स आणला. तो आठही शेजाऱ्यांकडे बघतो. प्रत्येक शेजारी मधल्यासारखा आहे की वेगळा, अशा २५६ शक्यता होतात आणि प्रत्येकीचं उत्तर तक्त्यात आधीच लिहून ठेवलेलं असतं. रंग अगदी तंतोतंत जुळायची गरज नाही, थोडा फरक चालतो. शिवाय तो शेजारच्या रंगांचं मिश्रणही करतो, त्यामुळे कडा मऊ होतात. चेहरा जणू शाईने काढल्यासारखा दिसतो. काहींना ते आवडतं. मला तिथे चित्रकाराचा हात हरवल्यासारखा वाटतो, पण ही आवडीची बाब झाली.

आवडीपलीकडची अडचण आकाशात आहे. रंग कमी असल्यामुळे दोन निळ्यांच्या मधली छटा दाखवायला चित्रकार त्यांचे ठिपके आलटून पालटून टाकत असे. याला डिदरिंग म्हणतात. कडा शोधणारे स्केलर विखुरलेल्या ठिपक्यांनाही रेषांचे तुकडे समजून जोडू बघतात. मग ढगांच्या जागी वळवळणाऱ्या अळ्या दिसू लागतात.

[पडद्यावर: तेच बंदर, पण कडांभोवती धुरकट ठिपके.]

आता प्रत्यक्ष काम. इंटरनेटवरून मिळालेला हा स्क्रीनशॉट ६४० बाय ४०० आहे आणि जेपीईजी आहे. स्केल२एक्स लावला तरी फारसा परिणाम दिसत नाही. कारण जेपीईजीने प्रत्येक पिक्सेलचा रंग किंचित हलवलाय. डोळ्यांना सारखे वाटणारे दोन शेजारी आकड्यांत वेगळे आहेत, आणि नियम हुबेहूब सारखेपणावर चालतो. शिवाय हे चित्र कुणीतरी आधीच दुप्पट केलेलं आहे, म्हणजे पायरी आता दोन पिक्सेलांची आहे. तपासायला इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रामची एक ओळ पुरते. ती चित्रातले वेगवेगळे रंग मोजते.

```
magick identify -format "%k" shot.jpg
```

२५६ च्या वर आकडा आला, तर हे मूळ चित्र नाही. हजारोंमध्ये आला, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. जुना खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये स्केलर बंद करून ३२० बाय २०० चा पीएनजी नव्याने घ्या.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ३२० बाय २०० चं चित्र तेव्हा ४:३ च्या पडद्यावर ताणून दिसायचं, म्हणजे पिक्सेल चौरस नव्हते, रुंदीच्या १.२ पट उंच होते. दोन्हीकडे सारखंच वाढवलं, तर वाटोळा चंद्र चपटा होतो. सोपा हिशोब असा: आडवं ५ पट, उभं ६ पट. १६०० बाय १२००.

```
magick shot.png -sample '1600x1200!' out.png
```

व्हिडिओची उंची मात्र १०८० असते. २०० चे थेट १०८० केले तर ५.४ पट होतात, आणि निअरेस्ट नेबरला पिक्सेल तोडता येत नाही. दर पाच ओळींतल्या तीन ओळी ५ पिक्सेल उंच होतात, दोन ६ पिक्सेल. स्थिर चित्रात हे चटकन लक्षात येत नाही, पण एकाच शब्दातल्या आडव्या रेषा कमी-जास्त जाड दिसतात. कॅमेरा सरकला की भिंतीच्या विटा लुकलुकतात. म्हणून आधी १६०० बाय १२०० करायचं आणि मग साध्या मऊ फिल्टरने १४४० बाय १०८० वर उतरवायचं. कडेला अगदी पुसटशी छटा येते, पण सगळे चौकोन एकसारखे राहतात.

[पडद्यावर: बंदर आता पूर्ण उंचीवर. चंद्र गोल. कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे सरकतो, विटा लुकलुकत नाहीत.]