आधी भिंत, मग केक, शेवटी कापड

(वाढदिवसाच्या सजावटीवरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेरच्या पाटीवर विषय लिहिला आहे, ‘केक, टेबलक्लॉथ आणि सजावट: रंगांची जुळणी’. तिन्हींवर बोलायचंच आहे. पण त्याआधी क्रमाबद्दल बोलू, कारण रंग फसतात ते चुकीचे निवडल्यामुळे नव्हे, तर चुकीच्या क्रमाने निवडल्यामुळे.

घराघरांत काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. मोबाईलवर फोटो आवडतो, निळा आणि सोनेरी. फुग्यांचं पाकीट मागवलं जातं. मग त्याला शोभेल असा तयार टेबलक्लॉथ. केकवाल्याला तोच फोटो पाठवून ‘अगदी असाच निळा’ सांगितलं जातं. आणि संध्याकाळी हॉलमध्ये फुगे आकाशी, कापड शाईसारखं आणि केक हिरवट. तीन निळे एका टेबलावर, पण एकमेकांची ओळख नाही.

मागची कारणं तीन आहेत. फोनच्या पडद्यावरचा रंग हा उजेड असतो, तो प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो. दुसरं, फुगा फुगवला की रबर ताणलं जातं, पातळ होतं आणि रंग उजळतो. पाकिटातला गडद निळा फुगल्यावर फिका होणारच. खूप गडद हवा असेल तर थोडा कमी फुगवा, किंवा एका फुग्यात दुसऱ्या रंगाचा फुगा घालून दोन्ही एकत्र फुगवा. तिसरं कारण केकचं. बटरक्रीम मुळात पिवळसर असतं, त्यात निळा पडला की तो हिरव्याकडे सरकतो. त्यात जांभळ्या रंगाचा अगदी टूथपिकच्या टोकाएवढा अंश घातला तर पिवळेपणा बराच मारला जातो. आपल्याकडच्या बहुतेक केकवर असतं ते व्हिप्ड क्रीम. ते पांढरं असतं, म्हणून त्यात फिके रंग स्वच्छ उमटतात. केक सांगताना पहिला प्रश्न हाच विचारा, बटरक्रीम की व्हिप्ड क्रीम?

आता मला एक आवडता मुद्दा सविस्तर मांडू द्या. आपल्याकडे ‘मॅचिंग’ या शब्दाचा अर्थ ‘एकसारखा’ असा होऊन बसला आहे. गुलाबी थीम म्हणजे गुलाबी फुगे, गुलाबी कापड, गुलाबी केक आणि मुलीचा फ्रॉकही गुलाबी. फोटोत मग मुलीचा चेहरा आणि मेणबत्ती तेवढी वेगळी दिसते.

खरं तर ही जुळणी आपल्या बायकांना शिकवावी लागू नये. पैठणी बघा. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या रंगाचा, आणि पदरावर विणकराने सगळा जीव ओतलेला. पारंपरिक इरकलीचं अंग हिरवं असो की निळं, पदर लाल. ब्लाउज घेताना आपण अंगाचाच रंग घेतो असं नाही, काठाचाही घेतो, आणि तो जास्त खुलतो. हे गणित टेबलावर जसंच्या तसं लागू पडतं. सजावट म्हणजे अंग, सगळ्यात मोठी जागा तिची. कापड म्हणजे काठ. केक म्हणजे पदर, नजर तिथे जाऊन थांबली पाहिजे. सजावट करणारे यालाच साठ, तीस, दहा म्हणतात. एक रंग साठ टक्के, दुसरा तीस, तिसरा फक्त दहा. प्रमाण काटेकोर पाळायचं नाही, पण तिन्ही रंग सारखे झाले की डोळा कुठेच टिकत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि नावं! ‘निळा’ म्हणजे कुठला निळा? आकाशी, मोरपंखी, चिंतामणी हे आपल्याकडचे शब्द आहेत. पिवळ्यात लिंबू, हळदी, श्रीखंडी. लालात डाळिंबी, राणी, किरमिजी, विटकरी. केकवाल्याला ‘पीच’ म्हटलं तर तो काहीही देऊ शकतो. ‘अबोलीच्या फुलासारखा’ म्हणा, गल्लत निम्म्याने कमी होते. (सभागृहातून ‘त्याला अबोली माहीत नसेल तर?’) मग फूल घेऊन जा. खरंच सांगतो आहे. प्रत्यक्ष वस्तू नेली की वाद राहत नाही.

पण क्रमाकडे येतो. जी गोष्ट बदलता येत नाही ती आधी, जी हवी तशी मिळते ती शेवटी. भिंत आणि दिवे बदलता येत नाहीत. केकचे रंग मर्यादित. फुगे ठराविक रंगांत येतात. कापड मात्र शेकडो छटांत मिळतं. तरीही लोक कापड आधी घेऊन बसतात!

सोसायटीच्या हॉलच्या भिंती बहुधा क्रीम नाहीतर फिक्या पिस्ता रंगाच्या. क्रीम भिंतीपुढे पांढरेशुभ्र फुगे लावले की भिंत मळकी दिसते. तिथे पांढऱ्याऐवजी मोतिया घ्या. सोनेरी फुगे अशा भिंतीपुढे हरवतात, नुसते पिवळट वाटतात. मग दिवे. पांढऱ्या ट्यूबलाइटवर साधारण ६५०० के लिहिलेलं असतं, पिवळ्या दिव्यावर २७०० किंवा ३०००. पिवळ्या उजेडात फिका जांभळा राखाडी पडतो, निळा मंदावतो, आणि क्रीम, लिंबू, पांढरा हे तिघे एकच वाटू लागतात. अबोली, केशरी, विटकरी मात्र खुलतात. दुकानातल्या उजेडात जुळलेले दोन रंग हॉलमध्ये वेगळे पडतात तेही यामुळेच. साडीचं कापड दुकानाबाहेर नेऊन बघायची आपली सवय बरोबरच आहे, फक्त पार्टी संध्याकाळची असेल तर नमुना हॉलच्या दिव्याखालीही धरून बघा.

(आयोजक वेळेची चिठ्ठी देतात.) दहा मिनिटं राहिली आहेत, तेव्हा मुख्य उदाहरण भराभर घेतो.

पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस, समुद्राची थीम, संध्याकाळी सात, क्रीम भिंत, काही ट्यूब आणि काही पिवळे दिवे. समुद्र म्हटलं की निळा आणि जांभळा डोक्यात येतो. जांभळा या उजेडात पडणार, तो सोडा. अंगाला फिका समुद्री हिरवा, काठाला मोरपंखी, पदराला अबोली, पोवळ्याच्या जवळ जाणारा. हिरव्या-निळ्यासमोर अबोली उठून दिसते, आणि पिवळ्या दिव्यात मरत नाही.

केक एक किलो, व्हिप्ड क्रीमचा, मोतिया रंगाचा. त्यावर अबोली शिंपले आणि मोरपंखी रंगाचे दोन-तीनच खवले. सगळा केक मोरपंखी करू नका. गडद रंगासाठी क्रीममध्ये भरपूर रंग ओतावा लागतो, तो कडवट लागतो, मुलांच्या जिभा निळ्या होतात, आणि रंग मिसळायच्या नादात क्रीम जास्त फेटलं गेलं की दाणेदार होतं. रंग जेलचा घ्या, पाण्यासारखा पातळ रंग क्रीम सैल करतो. शिवाय गडद रंग काही तासांत आणखी गडद होतो, म्हणून एक छटा अलीकडेच थांबायचं. केकवाल्याकडून चमचाभर रंगीत क्रीम डबीत मागा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी जो रंग दिसेल तोच खरा धरा. गडद खवले फिक्या क्रीमवर आदल्या रात्री लावले तर फ्रिजमधल्या ओलाव्याने रंग पाझरतो. ते त्याच दिवशी, उशिरा लावायला सांगा.

फुगे शंभर. साठ फिके समुद्री, तीस मोतिया, दहा अबोली. आठ-नऊ फुटांची माळ होते. अबोली एकेक सुटे लावू नका, तीन आणि चारच्या घोसात लावा, नाहीतर ते ठिपक्यांसारखे दिसतात.

आता कापड. फुगवलेला एक फुगा आणि ती डबी घेऊन दुकानात जा. टेबल सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच धरू. कापड दोन्ही बाजूंनी आणि समोरून खालपर्यंत आलं पाहिजे, मागे गरज नाही. म्हणजे लांबी सहा अधिक अडीच अधिक अडीच, अकरा फूट. रुंदी पाच फूट. साठ इंच पन्ह्याचं कापड साडेतीन मीटर घेतलं की काम झालं. दुमडीत इंचभर जाईल ते बरंच, कापड जमिनीवर लोळून मुलांच्या पायात येणार नाही. चमकदार सॅटिन टाळा, फ्लॅशचा उजेड परतवून त्याच्यावर पांढरे पट्टे दिसतात. हव्या त्या छटेत साठ इंची कापड मिळालंच नाही, तर साधी पांढरी चादर अंथरा आणि ब्लाउजपीसच्या मॅचिंग सेंटरमधून रुबिया आणा. मीटरभर पन्ह्याचं दीड मीटर रुबिया मधोमध उभं फाडलं की दोन पट्ट्या होतात. त्या टेबलावर आडव्या टाकून समोर सोडा.

आणि एक चूक बहुतेकांची होते. मोतिया केक खाली मोरपंखी कापडावर छान दिसतो, पण त्याच्या वरच्या अर्ध्याच्या मागे फिके फुगे असतात, तिथे तो नाहीसा होतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. केकच्या जागी पांढरा डबा ठेवा, फोनवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाईट करा. डबा आणि मागची सजावट एकाच करड्या रंगाची दिसली तर केकही हरवणार. या उदाहरणात उपाय असा, त्याच मोरपंखी कापडाचे दोन मीटर जास्त घ्या, एकूण साडेपाच, आणि ते केकच्या मागे उभं सोडा. फुग्यांची माळ त्याच्या एका बाजूने वळवा.

(श्रोत्यांतून प्रश्न: ‘मुलाला लाल केकच हवा असेल तर?’) लाल बाहेरून नको. केक पांढरा ठेवा, त्यावर डाळिंबाचे दाणे किंवा स्ट्रॉबेरी लावा, लाल त्यातूनच येईल. फळं कोरडी पुसून, केक कापायच्या अर्धा तास आधी ठेवा, नाहीतर रस उतरून क्रीम गुलाबी होतं. कापड मग हिरवं घेऊ नका, ख्रिसमस वाटेल. फिका राखाडी घ्या.