शेठची नाकपुडी आणि आत्याची रिंगटोन

नमस्कार मंडळी. मी जनावरांचा डॉक्टर, नाशिकला प्रॅक्टिस करतो, आणि आज मला तुमच्याशी चपट्या नाकाच्या कुत्र्या-मांजरांबद्दल बोलायचंय. म्हणजे पग, बुलडॉग, शिह त्झू आणि मांजरात पर्शियन. त्यातही त्यांच्या फोटोंबद्दल. तुमच्या फॅमिली ग्रुपवर जे फोटो येतात ना, टोपी घातलेले, जीभ बाहेर काढलेले, ज्यांच्याखाली वीस जण 'सो क्यूट' लिहितात, त्यात बऱ्याचदा आजार स्पष्ट दिसत असतो. आपण बघतो, पण तो वाचत नाही.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. नाकपुडी, वळी, डोळे. परत सांगतो, नाकपुडी, वळी, डोळे.

आता नाकपुडी कशी बघायची ते सांगतो. आपल्या गल्लीतल्या साध्या गावठी कुत्र्याचं नाक समोरून बघा. नाकपुडी स्वल्पविरामासारखी असते, आतल्या बाजूला गोल भोक आणि बाहेरच्या बाजूला वळलेलं शेपूट. (गल्लीतलं कुत्रं म्हणजे फुकटातलं मॉडेल आहे, तरी लोक त्याला हाड हाड करतात आणि चपट्या नाकाला हजारो रुपये मोजतात, असो, हा माझा जुना राग आहे.) आता पगचा फोटो झूम करा. गोल भोकाच्या जागी नुसती उभी फट दिसली, नाकपुडीची बाहेरची पाळी आत कोसळून बसलीय असं दिसलं, तर ते नाक अरुंद आहे. स्वल्पविराम पाहिजे, उभी रेघ नको. एवढं एक वाक्य जरी डोक्यात राहिलं तरी माझं आजचं काम झालं.

आता मी तुम्हाला आमच्या आत्याच्या शेठची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाही, घरचे म्हणतात की तू लग्नातसुद्धा हीच सांगतोस.

शेठ म्हणजे आत्याचा पग. नाव शेठ, कारण पोट शेठजींसारखं. तीन वर्षांचा होता. पगचं वजन साधारण सहा ते आठ किलो असावं, हा साडेदहा, कारण आत्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून चहा आणि खारी घ्यायची आणि खारीतली अर्धी त्याची. शेठ घोरायचा. असा घोरायचा की वरच्या मजल्यावरचे लोक विचारायचे, काका आलेत का गावाहून? आत्याला त्याचं इतकं कौतुक की तिने ते घोरणं रेकॉर्ड करून फोनची रिंगटोन केली होती. बँकेत, देवळात, कुठेही फोन वाजला की घुर्रर्र. मी म्हणायचो, आत्या, एकदा दाखवायला आण त्याला. ती म्हणायची, अरे, त्या जातीचे घोरतातच, त्याला काय दाखवायचं, तुझ्या काकांना दाखवलं होतं का कधी?

मग एप्रिलमध्ये भाच्याचा वाढदिवस झाला, मी गेलो नव्हतो, ग्रुपवर चाळीस फोटो आले. मी सगळे बघत नाही हो, खरं सांगतो, केकचे चौदा फोटो कोण बघतं. पण तीन फोटोंवर मी थांबलो.

पहिल्या फोटोत शेठ टोपी घालून समोर बघतोय, तोंड उघडं, जीभ लांब, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, बघा कसा हसतोय. नाकपुड्या म्हणजे नखाने ओढलेल्या दोन रेघा. तो हसत नव्हता, नाकातून हवा पुरत नव्हती म्हणून तोंडाने ओढत होता. आणि जिभेच्या कडा गुलाबी सोडून जांभळटपणाकडे. आता फोटोतल्या रंगावर फार विश्वास ठेवू नये, त्यात हल्ली फोन आपल्या मनानेच रंग बदलतात, माझा स्वतःचा चेहरा मला ओळखू येत नाही, पण त्याच फोटोत भाच्याचे ओठ नीट गुलाबी होते आणि शेठची जीभ नव्हती. म्हणून मी घाबरलो.

दुसरा फोटो. शेठ सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलाय, हनुवटी सोफ्याच्या हातावर वर टेकवलेली आणि तोंडात रबरी बॉल. सगळ्यांना वाटलं, खेळता खेळता झोपला बिचारा. मंडळी, हे नीट ऐका. श्वासनलिका अडणारी कुत्री बॉल तोंडात धरून झोपतात, कारण त्याने तोंड उघडं राहतं. मान वर करून झोपतात, कारण आडवं पडलं की घसा बंद होतो. तो झोपेतही श्वासाची सोय लावत होता.

तिसऱ्या फोटोत उजवा डोळा किलकिला. नाकावरची कातडीची वळी इतकी जाड की तिच्यावरचे केस थेट बुबुळाला लागत होते.

मी रात्री साडेदहाला फोन केला. घुर्रर्र तिकडे वाजलं असणार. म्हटलं, आत्या, शेठच्या डोळ्याला काय झालंय? ती म्हणाली, थोडा लाल होता, पण मी औषध घालतेय. कुठलं? तर तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे उरलेले ड्रॉप्स! मी उडालोच. त्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं आणि बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरत नाही, चिघळते. परत सांगतो, माणसाचे उरलेले ड्रॉप्स जनावराच्या डोळ्यात घालायचे नाहीत, अजिबात नाही.

सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, तिला बोलावलं. डोळ्याला रंगाची पट्टी लावली, नारिंगी असते ती, अश्रूत विरघळली की जिथे बुबुळाची साल गेलीय तिथे हिरवा डाग उठतो. मुगाच्या डाळीएवढा डाग उठला. वरवरचा अल्सर होता, नशीब. मग वळी उचलून आत बघितलं, ओली, लाल, आणि वास असा की मी आत्याला वास घ्यायला लावला, तेव्हा कुठे तिला पटलं. मग घशावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं, आणि बाहेर पॅसेजमध्ये त्याला दुडक्या चालीने फिरवलं. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने याची पद्धत बसवलीय, आधी ऐकायचं, तीन मिनिटं चालवायचं, परत ऐकायचं आणि शून्य ते तीन अशी ग्रेड द्यायची, शून्य म्हणजे ठीक, तीन म्हणजे गंभीर. शेठने दीड मिनिटातच बसकण मारली. मी पुढे चालवलंच नाही. आत्या गप्प होती, आणि नेमका तेव्हा तिचा फोन वाजला. घुर्रर्र. तिने पटकन कट केला आणि मला म्हणाली, अरे, म्हणजे मी याचं गुदमरणं लावून ठेवलं होतं का रे?

मला काय उत्तर द्यावं कळेना. चहा सांगितला.

डोळा पंधरा दिवसांत भरला. वजन उतरवायला दोन महिने लागले, खारी बंद, गळ्याचा पट्टा काढून छातीचा हार्नेस घातला. मग ऑपरेशन. नाकपुडीच्या पाळीतून पाचर कापून काढली, दोन्हीकडे दोन-तीन टाके, आणि घशात लोंबणारी मऊ टाळू छाटून आखूड केली. या कुत्र्यांची खरी भीती भूल उतरताना असते. श्वासाची नळी लवकर काढायची नाही, कुत्रं पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतः नळी झटकायला लागेपर्यंत ठेवायची. शेठने ती चावायला घेतली तेव्हा मी काढली.

चला, गोष्टीने निम्मा वेळ खाल्ला, आता कारण पटापट सांगतो.

या जातींत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कवटीचं हाड आखूड केलं. पण आतलं मांस, टाळू, कातडी तेवढ्या प्रमाणात आखूड झाली नाही. मोठी गादी लहान खोळीत कोंबली तर काय होईल? बाहेर घड्या पडतात, त्या झाल्या वळ्या. आतला भाग घशात लोंबतो. आणि डोळ्यांची खोबण उथळ राहते म्हणून डोळे बाहेर येतात. नाकपुडी, वळी, डोळे, तिन्हींचं मूळ एकच.

आणि नाक अरुंद असलं की आजार वाढत जातो. शहाळ्यातली स्ट्रॉ बोटाने चिमटून जोरात ओढून बघा, ती आतून चिकटते. तसंच, अरुंद नाकातून रोज जोर लावून ओढलं की घशातलं मऊ मांस आत ओढलं जातं, सुजतं, आणि वाट आणखी बंद होते. म्हणून 'मोठा झाला की सुधारेल' हे खरं नाही.

डोळ्याचं बघायचं तर फोटो असा बघा ज्यात तो सरळ समोर बघतोय. तेव्हाही बुबुळाच्या भोवती पांढरं दिसत असेल तर डोळा बाहेर आलेला आहे, पापण्या नीट मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं. आणि नाकावर वळी असेल तर बुबुळाच्या अल्सरचा धोका जवळपास पाचपट, २०१५ साली इंग्लंडमधल्या अभ्यासात आलं होतं.

मांजराचं वेगळं. पर्शियनचा समोरून फोटो घ्या आणि नाकाच्या वरच्या कडेवरून आडवी रेघ ओढा. ती खालच्या पापणीच्या वर गेली तर चेहरा फारच चपटा आहे, ब्रिटनच्या मांजर संस्थेच्या नियमातसुद्धा ते बसत नाही. डोळ्यातून नाकात जाणारी अश्रूंची नळी तिथे मुडपते, म्हणून नाकाशेजारी ते तपकिरी ओघळ. आणि कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं ते एक वेळ चालेल, मांजर बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेत असेल तर फोटो काढत बसू नका, रिक्षा बोलवा.

आता तुमच्याकडे असं जनावर असेल तर डॉक्टरला फोटो कसा पाठवायचा? फोन त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा, वरून नको. अगदी जवळ नेऊ नका, जवळून नाक उगाच मोठं येतं, हातभर लांबून दुप्पट झूम करा. खिडकीचा उजेड, फ्लॅश नको, फिल्टर तर नकोच नको. जनावर शांत, तोंड मिटलेलं. एक समोरून, एक बाजूने. आणि तो झोपलेला असताना दहा सेकंदांचा व्हिडिओ, आवाजासकट, कारण टाळू किती लोंबलीय ते फोटोत दिसत नाही, नाकपुड्या बऱ्या दिसूनही घसा बंद असू शकतो. तिथे आवाजच कामाला येतो.

तशी आत्याची रिंगटोन मी अजून जपून ठेवलीय, नव्या मालकांना ऐकवायला. तिने मात्र बदलली. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात तिचा पहाटे तीनला फोन आला होता, म्हणाली, अरे, शेठचा आवाजच येत नाहीये. मी झोपेतच विचारलं, छाती हलतेय का? थोडा वेळ काहीच नाही, मग म्हणाली, हलतेय. आडवा पडून झोपलाय. बॉल खाली पडलाय.