पिसला म्हणजे किती पिसला?

मंडळी, आजचा विषय फळ्यावर वाचलातच. नीट पिसलेला पत्त्यांचा कॅट ज्या क्रमानं समोर येतो, तो क्रम याआधी जगात कुणाच्याही हातात आलेला नसतो, जवळजवळ खात्रीनं. हे दाखवायला दहा मिनिटं पुरतात. पण त्या वाक्यातल्या 'नीट' या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे, ती आधी ऐकून घ्या.

मोजणीची सुरुवात देवापासून करू. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, एक गणित आहे: हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म अदलून-बदलून दिले तर मूर्ती किती होतील? पहिल्या हातात चारांपैकी काहीही, दुसऱ्यात उरलेल्या तिघांपैकी एक, तिसऱ्यात दोघांपैकी, चौथ्याला जे राहील ते. चार त्रिक बारा, बार दुणे चोवीस. संध्येला बसणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतात, त्या चोवीस मूर्ती आयुधांच्या या क्रमावरूनच ओळखतात. त्याच गणितात पुढं दहा आयुधांचा शंभू आहे. त्याचं उत्तर ३६ लाख २८ हजार ८००. हात चाराचे दहा झाले, आणि मूर्ती चोवीसवरून छत्तीस लाखांवर गेल्या. याला शाळेत क्रमगुणित म्हणतात आणि आकड्यापुढं उद्गारचिन्ह देतात. चिन्ह अगदी योग्य निवडलंय.

कॅटात बावन्न पत्ते. ५२! हा आकडा ६८ अंकी आहे. आपला परार्ध अठरा अंकांतच संपतो, त्यामुळं याला आपल्याकडं नावच नाही. सोयीसाठी 'आठावर सदुसष्ट शून्यं' म्हणू.

आता तक्रार. गणपतीत आपल्याकडं जागरणाला मेंढीकोटाचा डाव बसतो. खेळ कसा गोळा होतो ते बघा. प्रत्येक हात चार पत्त्यांचा, आणि बहुतेक एकाच रंगाचा, कारण रंग चालवावा लागतो. ते हात एकावर एक ठेवून कॅट तयार होतो. म्हणजे आत बदाम-बदाम-बदाम-बदाम, मग किलवर-किलवर असे गठ्ठेच्या गठ्ठे. मग एक मामा तो कॅट डाव्या हातात धरतात, उजव्या हातानं वरून थोडे-थोडे पत्ते काढून खाली टाकतात, दोन-तीनदा करतात आणि म्हणतात, "पिसले, वाटा." आणि वाटायचे कसे? चार-चार एकदम!

इथं काय झालं ते मोजता येतं. बावन्न पत्त्यांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे सांधे एक्कावन्न. मामांनी एका वेळेला कॅटाचे सात गठ्ठे केले असं धरा. सात गठ्ठे म्हणजे सहाच सांधे तुटले. गठ्ठ्यांचा क्रम उलटा झाला, पण गठ्ठ्याच्या आतलं कुणी हललं नाही. पंचेचाळीस सांधे शाबूत. तीनदा केलं तरी फार तर अठरा तुटतील, तेहतीस राहतील. शिवाय दुसऱ्यांदा केलं की गठ्ठ्यांची उलटापालट बरीचशी सरळ होते, ती वेगळीच गंमत. मग चार बदामांचा जुना हात तसाच्या तसा एकाच गड्याला गेला की तो म्हणतो, "आज नशीब जोरात आहे की हो!" नशीब कसलं, सांधे तुटले नाहीत.

खरंच पिसलेल्या कॅटात किती सांधे शाबूत राहावेत? तेही मोजता येतं. सत्तीच्या लगेच खाली तिचीच जुनी शेजारीण येण्याची शक्यता बावन्नात एक. असे एक्कावन्न सांधे, म्हणजे सरासरी जेमतेम एक. घरी करून बघा. कॅट रंगवार, एक्क्यापासून राजापर्यंत लावा, नेहमीसारखं पिसा आणि उताणा पसरून जुन्या जोड्या मोजा. एक-दोन निघाल्या तर शाबास. तीस निघाल्या तर तो कॅट नुसता खालीवर झालाय.

दुसरी पद्धत म्हणजे कॅटाचे दोन भाग करून, अंगठ्यांनी कोपरे उचलून, फर्रर करत दोन्ही बाजू एकमेकींत सोडायच्या. यात एका दणक्यात साधारण निम्मे सांधे तुटतात. पण एकदाच करून भागत नाही, आणि का ते चार पत्त्यांवर दिसतं. बदामाचे एक्का, दुर्री, तिर्री, चौकी घ्या. क्रम चोवीस, आपल्या केशव-नारायणांसारखे. एकदा फर्रर केलं तर त्यातले बाराच येऊ शकतात, कारण प्रत्येक भागातले पत्ते आपापसांतला क्रम सोडत नाहीत. चौकी-तिर्री-दुर्री-एक्का असा उलटा क्रम एका दणक्यात कधीच येणार नाही. बावन्न पत्ते पूर्ण उलटे यायला किमान सहा दणके लागतात. पाचात ते अशक्यच, हात कितीही सराईत असो.

डेव्ह बायर आणि पर्सी डायकॉनिस यांनी १९९२ साली याचा पूर्ण हिशेब मांडला. डायकॉनिस आधी जादूगार होते, तेव्हा पत्त्यांनी त्यांना फसवणं कठीण. पाच दणक्यांपर्यंत जुना क्रम बराच ओळखू येतो, सातापासून तो झपाट्यानं पुसत जातो. म्हणून सातदा. आणि पावसाळ्यात फुगलेले, चिरमुऱ्याच्या तेलाचे हात लागलेले पत्ते असतील तर सातानंही होणार नाही, कारण ते दोन-दोन चिकटून पडतात. त्यापेक्षा सतरंजीवर पालथे पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर कालवा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं राहिली. फळ्यावरचं आता भरभर सांगतो.

युरोपात पत्त्यांच्या नोंदी १३७० च्या दशकापासून सापडतात, म्हणजे साडेसहाशे वर्षं. आजची आठशे कोटी माणसं त्या दिवसापासून, न जेवता न झोपता, दर सेकंदाला एक कॅट पिसत बसली असं समजा. वर्षाचे सेकंद सव्वातीन कोटींच्या आत. गुणाकार करून वरती मोकळ्या हातानं धरला तरी 'दोनावर वीस शून्यं' एवढेच कॅट. एकूण क्रम 'आठावर सदुसष्ट शून्यं'. तुमच्या हातातला क्रम त्यांत असण्याची शक्यता भागून काढा: एक भागिले 'चारावर सत्तेचाळीस शून्यं'.

कुणी म्हणेल, माझाच कॅट कशाला, त्या सगळ्यांतले कुठलेही दोन जुळले तर? प्रश्न बरोबर आहे, कारण आता जोड्या मोजायच्या, आणि जोड्या भराभर वाढतात. संख्येचा वर्ग करून निम्मा घ्यायचा, 'दोनावर चाळीस शून्यं' जोड्या. तरी शक्यता एक भागिले 'चारावर सत्तावीस शून्यं'. जुळण्या-न जुळण्याची शक्यता निम्मी-निम्मी व्हायला 'एकावर चौतीस शून्यं' कॅट पिसावे लागतील, म्हणजे त्या सगळ्या राबणाऱ्या माणसांनी केलं त्याच्या पन्नास लाख कोटी पट.

हा हिशेब सगळे क्रम सारख्याच शक्यतेचे धरून आहे, म्हणजे परत 'नीट' आला. नवा कॅट दुकानातून एकाच ठरलेल्या क्रमानं येतो. तो एकदाच फर्रर केला तर निघू शकणारे क्रम साडेचार हजार लाख कोटी, नुसता सोळा अंकी आकडा. आणि तेही सारख्या शक्यतेचे नाहीत. तिथं 'याआधी कधीच नाही' असं मी छातीठोक सांगणार नाही.

आणि मागं कुणी हात वर केलाय, "काल आले तेच पत्ते आज परत आले," म्हणून. खरं असेल की. तीन पत्तीत हातात येणारे वेगवेगळे संच फक्त २२,१०० आहेत, तेवढे एका गल्लीत वर्षभरात वाटून होतात. मेंढीकोटाच्या तेरा पत्त्यांचे साडेत्रेसष्ट हजार कोटी, तेही जगात कुठं ना कुठं परत येतच असतील. न जुळण्याची हमी आहे ती सगळ्या बावन्नांच्या क्रमाला, आणि तीही सातदा पिसल्यावर.