कावळा, खडे आणि प्लुफ

नमस्कार मंडळी, आज एक गोष्ट, तहानलेल्या कावळ्याचीच, पण फ्रेंचमधली.

फ्रेंच पोरांना शाळेत भेटणारा कावळा म्हणजे कवी ला फोंतेनचा, 1668चा, कोल्ह्याच्या गोड बोलण्याला भुलून चीज घालवणारा. तो पाठ करायला मस्त, पण भाषा सतराव्या शतकातली, त्यामुळे नवशिक्या पोराला ती जड जाते. म्हणून मी लहान मुलांना शिकवताना घेते तो मडक्यातल्या पाण्यावाला हुशार कावळा, म्हणजे "कोर्बो". तो आधी म्हणतो "झे स्वाफ", मला तहान लागलीय, आणि मग प्रत्येक खड्याला एकच ओळ येते, "आंकोर अं कायू, प्लुफ! लो मोंत". अजून एक खडा, डुबुक, पाणी वर चढतं. आपल्या "चिऊताई चिऊताई दार उघड"सारखंच की, साचा तोच राहतो आणि पोरं पुढचं आपणहून ओरडतात.

आता गंमत बघा, "झे स्वाफ" म्हणजे शब्दशः "माझ्याकडे तहान आहे". इंग्रजीतून विचार करणारी पोरं हमखास "झ स्वी स्वाफ" म्हणतात, म्हणजे "मी तहान आहे"! पण मराठीतही तहान आपल्याला "लागते", आपण तहान "असत" नाही, त्यामुळे एकदा मराठीतून सांगितलं की पटकन बसतं.

मग खडे मोजायचे. आपल्याकडे खड्याचे खडे होतात, तिकडे कागदावर शेवटी एक्स लागतो पण कानाला काहीच कळत नाही, एक असो की दहा, कायू ते कायूच, म्हणजे पोराला आकड्याकडेच लक्ष द्यावं लागतं. आणि आकडेही लबाड, नुसता सहा म्हणजे "सीस", पण सहा खडे म्हणजे "सी कायू", दहा "दीस" पण "दी कायू". हा नियम मी फळ्यावर लिहीतच नाही, गोष्ट चारपाचदा झाली की जीभ आपोआप तसं बोलते.

पण पोपटपंचीचा एक धोका आहे बरं का. "लो मोंत" सारखं ऐकून मुलांना वाटतं पाण्याला "लो"च म्हणतात, खरं तर पाणी म्हणजे नुसतं "ओ", पुढचा ल हा चिकटलेला आर्टिकल आहे. मग कोणीतरी "ल लो" म्हणतं, आणि ते ऐकलं की समजायचं, ओळ अख्खी गिळलीय, चावलेली नाही.

यावर माझा उपाय असा, मी गोष्टीत कावळ्यालाच मडक्यावर चढवते आणि विचारते, आता काय म्हणाल? जो "ल कोर्बो मोंत" म्हणतो, त्याला "मोंत" वेगळा सापडला. जो गप्प बसतो किंवा परत "लो मोंत" म्हणतो, त्याच्यासाठी अजून दोन खडे टाकायचे, प्लुफ, प्लुफ.

आणि हो, फ्रेंच कावळा "क्रोआ क्रोआ" ओरडतो, काव काव नाही, आणि बेडूक "कोआ कोआ". या दोघांची गल्लत मात्र आमच्या वर्गात अजून रोज होते.