उरलेल्या पाण्याचा पाचवा भाग

मित्रहो, आजच्या विषयासाठी आपण एक ठरावीक टाकी डोळ्यांसमोर ठेवू. ती एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच आहे, तिच्या भिंती सरळ उभ्या आहेत आणि ती काठोकाठ भरली आहे. म्हणजे तिच्यात १००० लिटर पाणी आहे. अशा टाकीची एक सोय अशी की पाण्याची पातळी एक मिलिमीटर उतरली की बरोबर एक लिटर पाणी गेले असे समजावे. आत उभ्या लावलेल्या पट्टीवर जितके मिलिमीटर दिसतील तितके लिटर शिल्लक. आता या टाकीतून दर तासाला, त्या तासाच्या सुरुवातीला जितके पाणी असेल त्याच्या २० टक्के पाणी निघून जाते. काही तासांनी किती पाणी उरेल, हा आपला प्रश्न आहे.

हा प्रश्न ऐकल्यावर पुष्कळांच्या मनात पहिले उत्तर असे येते की तासाला २० टक्के म्हणजे पाच तासांत १०० टक्के, म्हणून पाच तासांनी टाकी रिकामी. दर तासाला ठरलेले २०० लिटर जात असते तर हे उत्तर बरोबर ठरले असते. परंतु येथे २०० लिटर फक्त पहिल्या तासात जातात. पहिल्या तासाअखेर ८०० लिटर उरतात, म्हणून दुसऱ्या तासात जाणारा पाचवा भाग १६० लिटरांचा असतो आणि ६४० उरतात. तिसऱ्या तासात १२८ जाऊन ५१२ उरतात, चौथ्या तासाअखेर ४०९.६ आणि पाचव्या तासाअखेर सुमारे ३२८ लिटर. ज्या क्षणी टाकी कोरडी पडायला हवी होती, त्या क्षणी तिच्यात जवळजवळ एक तृतीयांश पाणी शिल्लक आहे.

प्रत्येक तासाला वेगळी टक्केवारी काढून वजाबाकी करत बसण्याची गरज नाही. पाचवा भाग गेला म्हणजे चार पंचमांश राहिला, म्हणून प्रत्येक तास हा शिल्लक पाण्याला ०.८ ने गुणणारा एक गुणाकार आहे. n तासांनी उरणारे पाणी लिटरमध्ये असे मिळते:

१००० × (०.८)ⁿ

ज्यांनी शाळेत घसाऱ्याची उदाहरणे सोडवली आहेत, त्यांना हे सूत्र ओळखीचे वाटेल. दरवर्षी २० टक्के घसारा लागणाऱ्या यंत्राची किंमत अशीच उतरते.

दहा तासांचे उत्तर मला विशेष आवडते, कारण ते कागदाशिवाय काढता येते. ८ हा २ चा तिसरा घात आहे, म्हणून ८ चा दहावा घात म्हणजे २ चा तिसावा घात, आणि तो १०७ कोटींच्या थोडा वर जातो. त्याला १० च्या दहाव्या घाताने, म्हणजे १००० कोटींनी भागले की ०.१०७ मिळतात. दहा तासांनी टाकीत सुमारे १०७ लिटर उरतात, म्हणजे मूळ पाण्याच्या दहाव्या भागाहून किंचित जास्त. आणखी दहा तास गेले की त्याचाही दहावा भाग, सुमारे साडेअकरा लिटर. दहा तासांत दशांश एवढे एक माप लक्षात ठेवले तरी मोठ्या कालावधीचा अंदाज तोंडी करता येतो.

टाकी निम्मी केव्हा होते, हेही विचारले जाते. तीन तासांनी ५१२ लिटर असतात, म्हणून उत्तर तीन तासांच्या जरासे पुढे असणार हे उघड आहे. १ ला ०.८ ने भागले की १.२५ येतात, आणि लॉगच्या कोष्टकात २ चा लॉग ०.३०१० आणि १.२५ चा लॉग ०.०९६९ मिळतो. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ३.१ तास, म्हणजे तीन तास सहा मिनिटे. यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की कोठूनही सुरुवात केली तरी निम्मे होण्याचा वेळ तोच राहतो. ८०० चे ४०० होण्यास जितका वेळ लागतो तितकाच ८ लिटरचे ४ लिटर होण्यास लागतो.

या हिशेबात दोन ठिकाणी हमखास घसरायला होते. पहिले ठिकाण अर्ध्या तासाचे. तासाला २० टक्के म्हणजे अर्ध्या तासाला १० टक्के असे धरले, तर पहिल्या अर्ध्या तासाने ९०० आणि दुसऱ्याने ८१० लिटर उरतात. पण तासाअखेर ८०० उरायला हवे होते. अर्ध्या तासाचा गुणक असा हवा की तो दोनदा लावला की ०.८ मिळावा, म्हणजे ०.८ चे वर्गमूळ, ०.८९४. अर्ध्या तासात सुमारे १०.६ टक्के पाणी जाते. दुसरे ठिकाण उलट्या हिशेबाचे. आत्ता पट्टीवर ५१२ दिसत आहेत, तर तासापूर्वी किती होते? ५१२ मध्ये त्याचेच २० टक्के मिळवले तर ६१४ येतात आणि ते चूक आहे. चार पंचमांशावरून पूर्णाकडे जायचे तर सव्वापट करावी लागते आणि ५१२ ची सव्वापट ६४० होते. एक तास मागे जाताना सव्वापट, दोन तास मागे जाताना सव्वाची सव्वापट, असे मोजावे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी ही टाकी निवडली त्याकडे येतो. गणिताच्या पुस्तकात टाकीला बहुधा फक्त 'गळती' असते. ती कशी आहे हे कोणी सांगत नाही. प्रत्यक्षात मात्र गळती कशी आहे यावरच हे सूत्र लागू पडते की नाही हे ठरते.

समजा, टाकीच्या तळाशी एक साधे गोल भोक आहे. इटलीच्या टॉरिचेल्लीने १६४४ मध्ये दाखवले की अशा भोकातून पाणी बाहेर पडण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची चौथाई झाली तरी वेग फक्त निम्मा होतो. म्हणजे पातळी उतरते तसा प्रवाह मंदावतो खरा, पण आपल्या सूत्राला हवा तितका मंदावत नाही. पहिल्या तासात हेच २०० लिटर जातील एवढे भोक ठेवले, तर दुसऱ्या तासाअखेर ६४० ऐवजी ६२२ लिटर उरतात आणि पाचव्या तासाअखेर ३२८ ऐवजी २२३. साडेनऊ तास पुरे होण्याच्या आत टाकी खरोखर रिकामी होते, त्या वेळी आपले सूत्र अजून १२० लिटर शिल्लक दाखवत असते. पहिल्या तासाचा आकडा दोन्हीकडे एकच असूनही पुढचा सगळा हिशेब वेगळा होतो.

शिल्लक पाण्याचा ठरावीक भाग जाण्यासाठी प्रवाह हा उंचीच्याच सरळ प्रमाणात असावा लागतो. भोकाच्या जागी तळाच्या पातळीवर एक आडवा नळ बसवून त्यात बारीक वाळू ठासून भरली की असे घडते. वाळूच्या कणांमधल्या अरुंद वाटांतून पाणी इतके सावकाश जाते की त्याचे सगळे बळ घर्षणावर मात करण्यातच खर्ची पडते. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा प्रवाह पातळीच्या फरकाच्या प्रमाणात असतो हा नियम फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या अभियंता दार्सीने १८५६ मध्ये प्रयोगांनिशी मांडला. मातीतून पाणी किती सहज झिरपते हे तपासणाऱ्या प्रयोगशाळांत उभ्या नळीतली उतरती पातळी मोजण्याची जी पद्धत वापरतात, तिचा आधार हेच गणित आहे.

तुमच्यासमोरची टाकी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यासाठी एका तासाची नोंद पुरत नाही, कारण आत्ताच पाहिल्याप्रमाणे तेवढ्याने दोन्ही सारख्या दिसतात. समान अंतराने निदान चार नोंदी घ्याव्यात आणि प्रत्येक नोंदीला तिच्या आधीच्या नोंदीने भागावे. १००, ८०, ६४, ५१.२ सेंटिमीटर अशा नोंदी असतील तर भागाकार प्रत्येक वेळी ०.८ येतो आणि सूत्र बिनधास्त वापरावे. भोकाच्या टाकीत १००, ८०, ६२.२, ४६.७ अशा नोंदी येतील. त्यांचे भागाकार ०.८, ०.७८, ०.७५ असे घटत जातात. मात्र वर्गमुळे काढली तर १०, ८.९४, ७.८९, ६.८३ अशी प्रत्येक वेळी सारख्याच अंतराने उतरणारी रांग मिळते. लागोपाठच्या नोंदींमधला फरकच सारखा येत असेल, तर कोणीतरी पंपाने एकसारखे पाणी उपसत आहे असे समजावे.

भागाकार घटत असले म्हणून लगेच भोकाचा निष्कर्ष काढू नये. वाळूच्या नळाचे तोंड खाली वळवून टाकीच्या तळापेक्षा २० सेंटिमीटर खाली सोडले असेल, तर पाण्याला ढकलणारी उंची तळापासून नव्हे, त्या तोंडापासून मोजावी लागते. सुरुवातीला ती १२० सेंटिमीटर असते, तासाने तिच्या ०.८ पट म्हणजे ९६, पुढच्या तासाने ७६.८. टाकीतल्या पट्टीवर मात्र १००, ७६, ५६.८ असे आकडे दिसतात, भागाकार ०.७६ आणि ०.७५ असे उतरतात, आणि आठ तासांच्या सुमारास टाकी रिकामी होते. प्रत्येक नोंदीत २० मिळवून पुन्हा भागाकार केला की ०.८ परत मिळतो.

वाळूच्या नळालाही दिवसभर एकच टक्केवारी सांभाळता येत नाही. पाणी तापले की त्याचा चिकटपणा कमी होतो आणि ते वाळूतून अधिक वेगाने झिरपते. २५ अंश सेल्सियसला तासाला २० टक्के पाणी सोडणारा नळ ३५ अंशांना सुमारे २४ टक्के सोडतो. सकाळी घेतलेल्या नोंदींवरून दुपारचे पाणी सांगायचे असेल तर तापमानाचीही नोंद हवी. दुसरे बंधन शेवटच्या थेंबांचे. सूत्राप्रमाणे पाणी कधीच शून्य होत नाही. २४ तासांनी आपल्या टाकीत ४.७ लिटर, म्हणजे पट्टीवर जेमतेम ४.७ मिलिमीटर उरलेले असतात. उघड्या टाकीतून उन्हाळ्याच्या दिवसात काही मिलिमीटर पाणी नुसते वाफ होऊन जाते, म्हणून पातळी एक-दोन सेंटिमीटरवर आली की गळतीच्या सूत्रात बाष्पीभवनाचा वाटा वेगळा धरावा लागतो, आणि तो वाटा उरलेल्या पाण्याच्या प्रमाणात नसून उघड्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असतो.